माळ्याची तुटक रेघ

साइटवरून मिस्त्रींचा फोन आला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या एका टोकाला विटांचा एक थर लावूनही टाकला होता. "साहेब, ही पायरी किती उंच घ्यायची ते नकाशात लिहिलेलं नाही," ते म्हणाले. त्या स्वयंपाकघरात पायरी नव्हतीच. भिंतीपासून 600 मिलिमीटरवर जी आडवी रेघ होती, ती वरच्या माळ्याची कड होती. डोक्यावर असलेली, जमिनीवर नसलेली गोष्ट नकाशात तुटक रेघेने दाखवतात. मी ती तुटकच काढली होती. कागदावर मात्र ती सलग छापली गेली, आणि खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली सलग रेघ म्हणजे जमिनीची पातळी बदलते, असाच अर्थ कोणताही जाणता मिस्त्री घेईल. चूक त्यांची नव्हती. विटा काढल्या, अर्धा दिवस गेला.

त्या दिवसापासून छोट्या नकाशासाठीही लेयर, रंग आणि रेघांचे प्रकार आधी ठरवून घ्यायचे, हा माझा नियम झाला. घर बांधणारे, इंटिरियर करणारे, डिप्लोमाला असलेले विद्यार्थी, स्वतःच्या घराचा नकाशा संगणकावर उघडून पाहणारे मालक, अशा अनेकांना हे लेयर प्रकरण गूढ वाटतं. ते गूढ नाही, पण त्याबद्दलची एक समजूत सुरुवातीलाच चुकते आणि मग पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

ती समजूत ट्रेसिंग पेपरची. हाताने नकाशे काढण्याच्या काळात एका कागदावर भिंती, त्यावर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर वीज, आणखी एकावर पाण्याच्या नळ्या अशी पद्धत होती. ऑटोकॅड 1982 साली आलं, आणि लेयर शिकवताना आजही हेच उदाहरण देतात. उदाहरण अर्धंच खरं आहे. एकेक कागद बाजूला काढता येतो, हे खरं. पण ऑटोकॅडच्या लेयरला वर-खाली नसतं. फोटो सजवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वरचा लेयर खालच्याला झाकतो, तसं इथे होत नाही. यादीत `WALL` हे नाव `DOORWIN` च्या खाली दिसतं, ते फक्त अक्षरक्रमामुळे. एखादी भरणी अक्षरांवर चढली तर ती `DRAWORDER` या वेगळ्या कमांडने मागे ढकलावी लागते, त्याचा लेयरशी संबंध नाही.

त्यापेक्षा लेयर म्हणजे आडनाव समजा. नकाशातल्या प्रत्येक रेघेला, वर्तुळाला, अक्षराला एकच आडनाव असतं. ज्या क्षणी तुम्ही रेघ काढता, त्या क्षणी जो लेयर चालू असेल, त्याचं आडनाव तिला लागतं. नंतर ते बदलता येतं, पण बिनआडनावाची रेघ असू शकत नाही. काहीच ठरवलं नाही तर ती `0` नावाच्या लेयरवर जाते. हा लेयर प्रत्येक फाइलमध्ये असतो. तो पुसता येत नाही आणि त्याचं नावही बदलता येत नाही.

आडनावाबरोबर घराण्याच्या काही गोष्टी आपोआप येतात, तशा लेयरबरोबर रंग, रेघेचा प्रकार, छपाईतली जाडी, छापायचं की नाही, अशा गोष्टी येतात. `LAYER` किंवा नुसतं `LA` टाइप केलं की जी पट्टी उघडते, तिच्यात एकेका लेयरसमोर याच गोष्टींचे रकाने असतात. रेघेने हे गुण घराण्याकडून घ्यायचे की स्वतःचे वेगळे ठेवायचे, हे तिच्या गुणधर्मांत लिहिलेलं असतं. तिथे `ByLayer` असेल तर ती घराण्याचं ऐकते. तिथे `Red` लिहिलेलं असेल तर लेयरचा रंग शंभर वेळा बदला, ती लालच राहणार.

माझ्या अनुभवात नवख्यांच्या फाइली बिघडतात त्या इथेच. घाईत एखादी रेघ निवडली, वरच्या पट्टीतून लाल रंग दिला, काम झालं. त्यातही वाईट म्हणजे काहीही न निवडता तो रंग बदलला. मग त्यापुढची प्रत्येक रेघ, कोणत्याही लेयरवर काढा, लाल येते. लेयर नऊ असतात, पण कुणीच त्यांचं ऐकत नाही. ओळखायला सोपं आहे: लेयरचा रंग बदलून पाहा, ज्या रेघा बदलत नाहीत त्या स्वतःच्या मताच्या. त्यांना परत आणायला `SETBYLAYER` ही कमांड आहे. ती द्यायची, `ALL` म्हणून सगळं निवडायचं आणि पुढच्या प्रश्नांना हो म्हणायचं. दुसऱ्या कुणाकडून आलेल्या फाइलीवर मी सर्वात आधी हेच करतो, अर्थात फाइलीची एक प्रत बाजूला ठेवून. कारण काही वेळा एखादी रेघ मुद्दाम वेगळी ठेवलेली असते आणि ती खूणही या झाडलोटीत जाते.

आता प्रत्यक्ष काम पाहू. बाहेरून 6 मीटर बाय 4 मीटरचं एक छोटं घर आहे. बाहेरच्या भिंती 230 मिलिमीटर, आतल्या 115. एक खोली, तिच्या शेजारी 2400 मिलिमीटर रुंद स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर. स्वयंपाकघरात भिंतीलगत 600 रुंदीचा माळा. नकाशा ए-थ्री कागदावर, 1:50 या प्रमाणात. म्हणजे घर कागदावर 120 मिलिमीटर बाय 80 मिलिमीटर येईल, 230 ची भिंत साडेचार मिलिमीटरच्या आसपास दिसेल. अशा नकाशाला मी नऊ लेयर करतो:

```
GRID      1  CENTER2     0.18
WALL      2  Continuous  0.50
DOORWIN   4  Continuous  0.25
FIXT      4  Continuous  0.25
OVERHEAD  6  HIDDEN      0.25
TEXT      3  Continuous  0.25
DIM       1  Continuous  0.18
HATCH     8  Continuous  0.18
VPORT     9  Continuous  (छपाई बंद)
```

दुसरा रकाना रंगाचा क्रमांक आहे. ऑटोकॅडमध्ये 1 लाल, 2 पिवळा, 3 हिरवा, 4 आकाशी, 5 निळा, 6 किरमिजी, 7 पांढरा, 8 आणि 9 राखाडी. शेवटचा रकाना कागदावरच्या जाडीचा, मिलिमीटरमध्ये. `FIXT` म्हणजे ओटा, सिंक, कमोड अशा बसवायच्या वस्तू, आणि `OVERHEAD` म्हणजे डोक्यावरच्या गोष्टी: माळा, छज्जा, बीम.

रंग आणि जाडी यांची जोडी मी मुद्दाम लावली आहे. यामागे जुनी गोष्ट आहे. पूर्वीच्या प्लॉटरमध्ये खरोखरीची पेनं असत, एकेका खाचेत वेगळ्या जाडीचं. संगणक त्याला सांगे, 1 नंबरच्या रंगाच्या रेघा या पेनाने काढ, 2 नंबरच्या त्या पेनाने. म्हणून रंग म्हणजे जाडी ही सवय ड्राफ्ट्समनच्या हातात बसली. पेनं गेली, सवय राहिली, आणि ती उपयोगी आहे. पडद्यावर सगळ्या रेघा सारख्याच बारीक दिसत असतात, तेव्हा कोणती रेघ कागदावर ठळक येणार हे रंगावरून कळतं. काळ्या पडद्यावर पिवळा सर्वात उठून दिसतो, म्हणून तो भिंतीला. राखाडी मागे सरतो, म्हणून तो भरणीला, म्हणजे विटा-फरशीच्या रेघांना. `GRID` आणि `DIM` दोघेही लाल आहेत, कारण दोघांची जाडी एकच. त्यांच्यात गोंधळ होत नाही, ग्रिडची रेघ लांब-तुकडा-लांब अशी असते. निळा मी वगळला आहे. काळ्या पडद्यावर 5 नंबरचा निळा डोळ्यांना त्रास देतो आणि संध्याकाळी थकलेल्या नजरेला तो दिसतही नाही. सातही वगळला, कारण काळ्या पडद्यावर तो पांढरा आणि पांढऱ्या पडद्यावर काळा होतो. ज्या रंगावरून जाडी ओळखायची, तो पडद्याप्रमाणे बदलणारा नको.

भिंत 0.50 का? नकाशा म्हणजे घर खिडकीच्या उंचीवर आडवं कापून वरून पाहिलेलं चित्र. सुरी जिथून गेली ती भिंत सर्वात ठळक. दार, ओटा, कमोड हे दिसतात, म्हणून मध्यम. मापं आणि भरणी ही माहिती आहे, वस्तू नाही, म्हणून बारीक. आंतरराष्ट्रीय मानकात रेघांच्या जाडीची मालिका 0.13, 0.18, 0.25, 0.35, 0.50 अशी जाते. प्रत्येक पुढची जाडी मागच्याच्या साधारण दीडपट, नेमकं सांगायचं तर दोनच्या वर्गमुळाइतकी पट. 0.13 मी मापांसाठी वापरत नाही. लेझर प्रिंटरवर ती सुंदर येते, पण साइटवर जाणारी प्रत बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स असते. तिच्यात 0.13 ची रेघ जागोजाग उडते, आणि मापाची रेघ उडाली की माप कुठून कुठपर्यंत आहे हेच कळेनासं होतं.

जाडी कुठे लिहायची, याबद्दल दोन मार्ग आहेत. बरीच ऑफिसं ती स्वतःच्या प्लॉट स्टाइल फाइलमध्ये ठेवतात, जिचं नाव `.ctb` ने संपतं. त्या फाइलीत प्रत्येक रंगासमोर जाडी आणि शाई लिहिलेली असते. मोठ्या ऑफिसात हे ठीक आहे. छोट्या कामात मात्र नकाशा प्लॉटिंगच्या दुकानात जातो, ती फाइल आपल्याच संगणकावर राहते, आणि दुकानातून पिवळ्या भिंतींचा, किरमिजी माळ्याचा रंगीत कागद परत येतो. म्हणून मी जाडी लेयरमध्येच लिहितो आणि छापताना `monochrome.ctb` निवडतो. ही फाइल ऑटोकॅडबरोबरच येते, त्यामुळे दुकानातल्या संगणकावरही असतेच. ती क्रमांकाच्या सगळ्या रंगांना काळी शाई देते आणि जाडी नकाशातली घेते.

यात एक खाच आहे. रंग निवडायच्या खिडकीत `Index Color` शेजारी `True Color` नावाचं पान असतं, तिथे लाखो छटा मिळतात. त्यातली छटा दिली तर `.ctb` तिच्यावर चालत नाही. सगळा नकाशा काळा छापला जातो आणि एकच ओटा फिक्कट नारंगी. असं झालं की कारण शोधत बसू नका, त्या लेयरच्या रंगावर क्लिक करून कोणतं पान उघडतं ते बघा.

आता माळ्याच्या रेघेकडे येतो. फोन आल्यावर मी फाइल उघडली तेव्हा लेयर बरोबर होता आणि रेघेचा प्रकार `HIDDEN` च होता. तरी ती सलग छापली, कारण तुकड्यांची लांबी. ऑटोकॅडमध्ये रेघेचा प्रकार म्हणजे एका साध्या मजकुराच्या फाइलीतली एक ओळ असते. मेट्रिक नकाशांसाठीच्या `acadiso.lin` मध्ये `HIDDEN` ची व्याख्या ही:

```
A,6.35,-3.175
```

6.35 एकक रेघ, 3.175 एकक मोकळी जागा, पुन्हा तेच. एकक म्हणजे नकाशातलं एकक, आपल्या घरात मिलिमीटर. घर आपण खऱ्या मापात काढतो, 2400 ची रेघ 2400 चीच. मग 1:50 ने छापताना सगळं पन्नासपट लहान होतं, तुकडेही. 6.35 चा तुकडा कागदावर 0.127 मिलिमीटर होतो आणि मोकळी जागा 0.06. रेघेची जाडीच 0.25 आहे. शाईची रेघ तिच्यातल्या फटीच्या चौपट जाड झाली, मग फट उरणार कुठे? रेघ तुटकच होती, पण त्या फटी शाईखाली गेल्या होत्या.

तुकडे वाढवायला `LTSCALE` हा आकडा आहे. सगळ्या नकाशातल्या रेघांचे तुकडे तो त्या पटीत लांब करतो. कागदावर तीन मिलिमीटरचा तुकडा डोळ्यांना बरा वाटतो. 6.35 चा अर्धा म्हणजे 3.175, त्याला 50 ने गुणायचं, म्हणजे `LTSCALE` 25. मॉडेलमधून थेट छापणाऱ्याला एवढा हिशेब पुरतो.

पण हा आकडा अंदाजाने वाढवला तर उलट बाजूने तोच घोटाळा होतो. समजा वैतागून कुणी 500 घातला. आता एक तुकडा आणि एक फट मिळून पावणेपाच मीटर झाली, आणि माळ्याची रेघ आहे 2400 ची. जिच्यात एक पूर्ण आवर्तनही बसत नाही ती रेघ ऑटोकॅड सलगच काढतं. म्हणजे आकडा फार लहान असला तरी सलग, फार मोठा असला तरी सलग. दोन्हींतला फरक ओळखायची युक्ती अशी: रेघेच्या अगदी जवळ झूम करा आणि `REGEN` द्या. जवळ गेल्यावर तुकडे दिसू लागले तर आकडा लहान आहे. कितीही जवळ जाऊन सलगच राहिली तर आकडा मोठा आहे, किंवा त्या रेघेला प्रकारच लागलेला नाही. ते `LIST` देऊन कळतं. आणखी एक शक्यता राहते: इंचाच्या साच्यावर सुरू केलेल्या फाइलीत व्याख्या `acad.lin` मधून येते. तिथे हाच तुकडा 0.25 एककाचा असतो, म्हणजे सव्वापंचवीसपटीहूनही लहान. नवीन फाइल `acadiso.dwt` वरून सुरू केली की हा प्रश्न उद्भवत नाही.

त्याच कागदावर न्हाणीघराचा तपशील 1:20 मध्ये द्यायचा असेल तर 25 चा हिशेब मोडतो. तिथे तुकडे आठ मिलिमीटरचे होतात आणि एकाच कागदावर दोन जातींच्या तुटक रेघा दिसतात. म्हणून लेआउटमधून छापणाऱ्याने `PSLTSCALE` 1 ठेवावा. मग ऑटोकॅड तुकडे कागदावरच्या मापात मोजतं, चौकट 1:50 ची असो की 1:20 ची. अशा वेळी `LTSCALE` 0.5 पुरतो: 6.35 चा अर्धा, कागदावर 3.175, हिशेब संपला. मॉडेलमध्ये काम करतानाही तसंच दिसावं म्हणून `MSLTSCALE` 1 करायचा आणि खालच्या पट्टीत अॅनोटेशन स्केल 1:50 निवडायचं. शेवटी `REGENALL`, नाहीतर पडद्यावर जुनंच चित्र राहतं आणि आपण उगाच आकडे बदलत बसतो. `GRID` साठी `CENTER` ऐवजी `CENTER2` घेतला आहे तोही याच कारणाने. `CENTER` चं एक आवर्तन 50.8 एककांचं, `CENTER2` चं साडेअठ्ठावीसच्या आसपास. छोट्या घराच्या छोट्या रेघांवर छोटं आवर्तन शोभतं.

लेयर बंद करण्याचे दोन प्रकार मात्र नीट समजून घ्यायला हवेत, कारण तिथे नुकसान भरून न येणारं असतं. पट्टीतला दिवा विझवला की लेयर `Off` होतो. सूर्याच्या जागी हिमकण आणला की तो `Freeze` होतो. दोन्हींत रेघा दिसेनाशा होतात, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. `Off` केलेल्या रेघा फक्त नजरेआड असतात. `ERASE` देऊन `ALL` टाइप केलं तर त्याही निवडल्या जातात आणि पुसल्या जातात, तुम्हाला न दिसता. `Freeze` केलेल्या किंवा कुलूप लावलेल्या लेयरवरच्या रेघांना हा `ALL` हात लावत नाही. मापांचा लेयर `Off` करून कुणी "उरलेलं सगळं" पुसलं की मापंही जातात, आणि हे कळतं दुसऱ्या दिवशी, फाइल सेव्ह करून बंद केल्यावर. म्हणून दोन मिनिटांसाठी नजरेआड करायचं असेल तर `Off`, बाजूला ठेवून काम करायचं असेल तर `Freeze`. भिंती पक्क्या झाल्यावर `WALL` ला मी कुलूप लावतो. कुलूप लावलेल्या भिंतीच्या कोपऱ्याला पकडून मापं देता येतात, पण चुकून भिंत सरकत नाही.

दारांच्या बाबतीत `0` लेयरचा खरा उपयोग कळतो. दार एकदाच काढून त्याचा ब्लॉक करतात आणि हवं तिथे ठेवतात. ते दार `0` वर, सगळे गुण `ByLayer` ठेवून काढलं तर ते ज्या लेयरवर ठेवाल त्याचा रंग आणि जाडी घेतं. `DOORWIN` वर ठेवलं की आकाशी, दुसऱ्या नकाशात दुसऱ्या लेयरवर ठेवलं की तिथला रंग. `0` चं काम एवढंच. भिंती त्यावर काढू नयेत.

`Defpoints` या लेयरचा मोह तर कुणीच धरू नये. पहिलं माप दिलं की हा लेयर आपोआप तयार होतो आणि त्यावरचं काहीही छापलं जात नाही. पडद्यावर सगळं असतं, कागदावर खोलीतला मजकूर गायब. काही जण न छापायच्या रेघांसाठी तोच वापरतात. त्यापेक्षा `VPORT` सारखा स्वतःचा लेयर करा आणि त्याच्यासमोरच्या प्रिंटरच्या चिन्हावर क्लिक करून छपाई बंद करा. लेआउटमधल्या चौकटी त्यावर ठेवल्या की त्यांच्या कडा कागदावर येत नाहीत, आणि का येत नाहीत हे फाइल उघडणाऱ्या दुसऱ्या माणसालाही नावावरून कळतं.

पडद्यावरचे हे रंग आणि महापालिकेत द्यायच्या नकाशाचे रंग यांची गल्लत करू नका. परवानगीच्या नकाशात रंग कागदावर उमटायचे असतात आणि ते नियमाने ठरलेले असतात: प्रस्तावित काम लाल, पाडायचा भाग पिवळ्या तिरक्या रेघांनी, सांडपाण्याची लाइन लाल तुटक. शिवाय पुण्यासह राज्यातल्या काही महापालिकांत असे नकाशे संगणकप्रणाली तपासते, आणि ती भिंत, मोकळी जागा, प्लॉटची हद्द हे सगळं लेयरच्या नावावरून ओळखते. तिथे नावं तिची, तुमची नव्हेत. परवानगीसाठी फाइलीची वेगळी प्रत करावी आणि कामाच्या नकाशातले नऊ लेयर तसेच राहू द्यावेत.

लेयर नऊच का, वीस का नाहीत, असं विद्यार्थी विचारतात. अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने `A-WALL`, `A-DOOR` अशा नावांची लांबलचक पद्धत घालून दिली आहे, आणि जिथे वास्तू, वीज, पाणी, वातानुकूलन यांच्या फाइली एकत्र येतात तिथे ती लागतेच. दोन खोल्यांच्या घरात मात्र लेयर करताना मी एकच प्रश्न विचारतो: हा गट मला कधी वेगळा लपवावा, वेगळा जाड करावा किंवा वेगळा छापावा लागणार आहे का? दार आणि ओटा यांची जाडी एकच असली तरी प्लंबरला नकाशा देताना दारं नको असतात, म्हणून `DOORWIN` आणि `FIXT` वेगळे. खिडकीची काच आणि चौकट मात्र मला कधीच वेगळी करावी लागली नाही, म्हणून ती एकाच लेयरवर.

हे सगळं एकदा बसवलं की ती रिकामी फाइल `.dwt` म्हणून साठवा आणि पुढचं प्रत्येक घर तिच्यावरून सुरू करा. आणि नकाशा साइटवर पाठवण्याआधी एक प्रत छापून तिची झेरॉक्स काढा. हातभर अंतरावर धरून माळ्याची रेघ बघा. ती तुटक दिसत असेल तरच नकाशा मिस्त्रींच्या हातात द्या.